हरतालिकेचा निर्जळी उपास आणि गर्भवती बाई: कार्ड पाहूनच ठरवा

बुटीबोरी : तान्हा पोळा आटोपला की लगेच हरतालिका येते. भाद्रपद शुद्ध तृतीयेचा हा उपास बुटीबोरी, हिंगणा, उमरेड भागातल्या बहुतेक घरांत सुना-सासवा मिळून धरतात. बऱ्याच घरी तो निर्जळी असतो. म्हणजे अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. रात्री जागरण, वाळूच्या पिंडीची पूजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जन करून मगच तोंडात काही घालायचं. घरात एखादी सून पोटुशी असली की दरवर्षी तोच प्रश्न निघतो. तिनं उपास धरावा की नाही? धरला तर कसा? एखादी म्हणते, "आम्ही नव्या महिन्यातही धरला, काय झालं?" दुसरी म्हणते, "डॉक्टरनं साफ नाही म्हटलं." दोघींचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असू शकतं. कारण याचं उत्तर सगळ्या बायकांना एकच नसतं. ते त्या बाईच्या तब्येतीवर, महिन्यावर आणि उपास कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असतं. हे घरी कसं ठरवायचं, ते इथे सविस्तर दिलं आहे.

आधी तास मोजा

हरतालिकेला आपण एका दिवसाचा उपास म्हणतो, पण घड्याळ लावून मोजलं तर तो एका दिवसाचा नसतो. समजा आदल्या रात्री ८ वाजता जेवण झालं आणि झोपताना ९ वाजता शेवटचं पाणी प्यायलं. दुसरा पूर्ण दिवस उपास, रात्री जागरण, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता विसर्जन करून पाणी घेतलं. रात्री ९ ते पुढच्या रात्री ९ हे २४ तास झाले, त्यावर सकाळी ७ पर्यंतचे १० तास. म्हणजे एकूण ३४ तास पाण्याविना. बुटीबोरी एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तर भारतातल्या कुटुंबांत छठचा उपास असतो, तोही सुमारे ३६ तास निर्जळी चालतो.

याच्या तुलनेत संकष्टी किंवा श्रावण सोमवारचा उपास वेगळा आहे. त्यात दिवसभर फराळ, चहा, दूध, पाणी चालतं आणि रात्री जेवण होतं. म्हणून "उपास चालेल का" असं विचारण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. पाणी चालतं का? आणि दोन खाण्यांमध्ये किती तास जातात? या दोन उत्तरांवरच बरंच काही ठरतं.

पोटात बाळ असताना भूक लवकर का लागते

आपलं शरीर जेवणातली साखर लिव्हरमध्ये साठवून ठेवतं. रात्री आपण झोपतो तेव्हा ह्याच साठ्यावर काम चालतं. साध्या बाईचा हा साठा बराच वेळ पुरतो. गर्भवती बाईच्या अंगातून मात्र बाळ चोवीस तास साखर ओढत असतं. आई जेवो ना जेवो, त्याचं ओढणं थांबत नाही. त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत रात्रीच्या जेवणानंतर सकाळचा नाश्ता चुकला, तरी आईच्या रक्तातली साखर इतर बायकांपेक्षा जास्त खाली येते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. चरबी जळताना कीटोन नावाचा पदार्थ रक्तात वाढतो. लघवीच्या तपासणीत तो दिसतो.

थोडे कीटोन वाढले म्हणून लगेच धोका होत नाही. पण उपास लांबत गेला आणि सोबत उलट्या किंवा ताप असला, तर कीटोन इतके वाढू शकतात की रक्त आंबट होतं. बाईला मळमळ होते, श्वास खोल आणि जोरजोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, आणि त्यावर घरी उपाय नाही. सलाईन लावावंच लागतं.

पाणी बंद केलं की गर्भाशय कुरकुरतं

अन्नापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. गर्भवती बाईच्या अंगात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं आणि त्याला पाणी लागतं. घाम, लघवी आणि श्वास यांतून तिच्या अंगातलं दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी सहज जातं. हरतालिका येते तेव्हा पाऊस उघडून उकाडा वाढलेला असतो, आणि कपाशी-सोयाबीनच्या निंदणाला गेलेल्या बाईचा घाम आणखी जास्त जातो. भर घालायला काही नसलं की रक्त घट्ट होतं, बीपी खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी कमी आणि गडद झाली की मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो. शिवाय अंगात पाणी कमी झालं की गर्भाशय आवळायला लागतं. पोट दगडासारखं घट्ट होतं आणि सैल पडतं, पुन्हा घट्ट होतं.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. ज्यू धर्मात योम किप्पूर नावाचा उपास असतो. तो सुमारे २५ तासांचा आणि पूर्ण निर्जळी असतो, म्हणजे आपल्या हरतालिकेशी बराच मिळताजुळता. इस्रायलमधल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा या उपासाच्या सुमारास बाळंतपणं वाढलेली दिसली. पुढच्या एका अभ्यासात दिवस भरण्याआधीच होणारी बाळंतपणंही वाढलेली आढळली. याचा अर्थ निर्जळी उपास धरणारी प्रत्येक बाई लवकर बाळंत होते असा नाही. बहुतेकींचं काहीच बिघडत नाही. म्हणूनच "आमचं काय झालं" असं म्हणणारी सासू खोटं बोलत नसते. पण ज्या थोड्या बायकांना त्रास होतो, त्यांत आपली सून असेल की नाही हे आधी कळत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात आलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागतं, हे लक्षात घेतलं म्हणजे पाणी न पिण्याचा हट्ट किती महागात पडू शकतो ते कळतं.

म्हणून निर्जळी उपासाबद्दल उत्तर सरळ आहे. पहिला महिना असो की नववा, तब्येत कितीही ठणठणीत असो, गर्भवती बाईनं पाणी बंद करू नये. पुढचं सगळं पाणी, दूध आणि फराळ चालणाऱ्या उपासाबद्दल आहे.

कार्डावरचे पाच रकाने

दिवस राहिल्याची नोंद झाली की आशाताई किंवा नर्सबाई माता आणि बालक संरक्षण कार्ड देतात. फराळाचा उपासही धरायचा की नाही, ते या कार्डावरून ठरवता येतं. आदल्या आठवड्यातच ते काढून पाहावं.

पहिला रकाना हिमोग्लोबिनचा. गर्भवती बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं की तिला रक्तक्षय आहे असं धरतात. १० ते ११ च्या मध्ये असेल तर एखाद्या दिवसाचा फराळाचा उपास चालू शकतो, पण गोळ्या चुकायला नको. १० च्या खाली असेल तर उपास टाळावा. ७ च्या खाली असेल तर प्रश्न उपासाचा राहतच नाही, दवाखान्याचा होतो.

दुसरा रकाना साखरेचा. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातली शुगर आहे असं समजतात. अशा बाईनं उपास धरू नये. फराळात साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी असं साखर भराभर वाढवणारं खाणं जास्त असतं, आणि मधले तास रिकामे गेले की साखर खालीही येते. इन्सुलिन चालू असेल तर खाली येणारी साखर जास्त धोक्याची.

तिसरा रकाना बीपीचा. १४०/९० किंवा त्याच्या वर बीपी गेलेलं असेल, हातापायाला-तोंडाला सूज असेल, लघवीत प्रोटीन निघालं असेल, तर उपास नको.

चौथा रकाना बाळाच्या वाढीचा. बाईचं वजन आणि पोटाची उंची महिन्यागणिक वाढते की नाही ते कार्डावर लिहिलेलं असतं. सोनोग्राफीत बाळ लहान आहे किंवा पाणी कमी आहे असं लिहिलं असेल, जुळं असेल, किंवा आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालं असेल, तर उपास टाळावा.

पाचवी नोंद विदर्भासाठी फार महत्त्वाची. ती सिकलसेलची.

सिकलसेल असेल तर पाणी हेच औषध

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे बरेच रुग्ण आहेत. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजात हा आजार जास्त आढळतो, पण इतरांना होतच नाही असं नाही. यात रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अंगात पाणी कमी झालं की त्या लवकर वाकतात, एकमेकींना चिकटतात आणि बारीक रक्तवाहिन्या बंद करतात. मग हाडं, पाठ, छाती, पोट यांत असह्य दुखणं सुरू होतं. गरोदरपणात हा झटका आणखी जड जातो, कारण वार, म्हणजे बाळाला रक्त पोहोचवणारा भागही या पेशींनी अडू शकतो.

तपासणीच्या कागदावर एसएस लिहिलं असेल तर बाईला सिकलसेलचा आजार आहे. तिनं निर्जळी तर सोडाच, दोन तास पाण्याविनाही राहू नये. एएस लिहिलं असेल तर ती वाहक आहे. वाहकाला सहसा त्रास होत नाही, तरी कडक उन्हात कष्ट करताना पाणी तोडू नये. वाहक बाईनं नवऱ्याचीही तपासणी करून घ्यावी, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. कार्डावर ही नोंदच नसेल तर उपासाचा विचार करायच्या आधी रक्त देऊन यावं.

एक उदाहरण: सातव्या महिन्यातली बाई

समजा, २४ वर्षांची बाई आहे. तिला सातवा महिना चालू आहे. कार्डावर हिमोग्लोबिन १०.४, बीपी ११०/७०, ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १२२, सिकलसेल नाही, बाळ एकच आणि वाढ बरोबर. उलट्या नाहीत, ताप नाही. हरतालिकेला तिच्या मनात उपास आहे.

पाचही रकाने पाहिले तर तिला निर्जळी नको, पण फराळाचा उपास चालतो. मात्र रिकामे तास जाऊ द्यायचे नाहीत. जागेपणी दर अडीच-तीन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे आणि दिवसभरात अडीच ते तीन लिटर, म्हणजे साधारण १० ते १२ ग्लास पाणी-दूध-ताक मिळून गेलं पाहिजे. तिचा दिवस असा ठेवता येतो.

सकाळी ६ ला उठल्यावर एक ग्लास पाणी, आंघोळ-पूजेनंतर ७ ला एक ग्लास दूध आणि चार-पाच खजूर. ९.३० ला एक वाटी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही. दुपारी १२ ला ताक आणि एक केळ. २.३० ला राजगिऱ्याची किंवा शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठं दोन, दह्याबरोबर. हे खाल्ल्यावर तासाभरानं लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यायची. ५ ला मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक संत्रं किंवा मोसंबी. रात्री ८ ला पुन्हा भगर किंवा उकडलेलं रताळं, आणि झोपताना एक ग्लास दूध. जागरण तिला नको. पूजा झाली की डाव्या कुशीवर निजायचं. त्या दिवशी निंदणाला, कंपनीत जास्तीच्या शिफ्टला जायचं नाही.

आता तिच्या कार्डावरचा एक-एक आकडा बदलून पाहा. बाकी सगळं तसंच, पण साखर १२२ ऐवजी १५६ असती तर उपास नाही. तिनं त्या दिवशी नेहमीचं पोळी-भाजी-वरण खावं. हिमोग्लोबिन १०.४ ऐवजी ८.६ असतं तरी नाही. सगळे आकडे चांगले, पण कालपासून जुलाब लागले असते तरी नाही. आणि महिना दुसरा-तिसरा असता, सकाळी उठल्याबरोबर उलट्या होत असत्या, तर रिकाम्या पोटानं उलट्या आणखी वाढतात म्हणून तेव्हाही नाही. म्हणजे मागच्या गरोदरपणात चाललेला उपास या गरोदरपणात चालेलच असं नसतं. निर्णय दरवेळी नव्यानं घ्यावा लागतो.

साबुदाण्यानं पोट भरतं, बाळाचं भागत नाही

उपास म्हटला की खिचडी आणि वडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळपणा. १०० ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रोटीन नसतं. त्यानं ताकद आल्यासारखी वाटते, पण बाळाचं मांस आणि आईचं रक्त त्यानं बनत नाही. वर तळलेले वडे खाल्ले तर गर्भवतीला जळजळ होते, कारण वाढलेलं गर्भाशय पोट आधीच वर दाबत असतं. खिचडी करायचीच तर दाण्याचा कूट भरपूर घालावा आणि सोबत दही घ्यावं. उपासाला चालणारं प्रोटीन शेंगदाणे, दूध, दही, ताक आणि राजगिऱ्यात आहे. एक ग्लास दुधातून सहा-सात ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून साधारण तेवढंच मिळतं. वरच्या उदाहरणात दिवसभराच्या फराळातून गरजेच्या निम्म्याच्या वर प्रोटीन मिळतं. एका दिवसाला ते चालून जातं.

नवरात्रात मात्र अडचण होते, कारण तिथे नऊ दिवस डाळ, पोळी, हिरवी भाजी बंद असते. नऊ दिवस असं काढण्यापेक्षा गर्भवतीनं उठता-बसता उपास करावा, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. आपल्याकडे ही पद्धत आधीपासून आहेच.

भगरीबद्दल एक सावधगिरी. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीला किंवा तिच्या पिठाला बुरशी लागते. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात एकादशीला भगरीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले होते. गर्भवतीला असं झालं तर तासाभरात अंगातलं पाणी उतरतं. म्हणून सुटं पीठ विकत आणू नये. पाकिटातली, तारीख पाहून घेतलेली भगर आणावी, निवडून-धुऊन घ्यावी, पीठ लागेल तेवढंच घरी दळावं आणि शिजवलेली भगर त्याच वेळी संपवावी. कडवट लागणारे किंवा काळे पडलेले शेंगदाणे फेकून द्यावेत.

गोळ्यांनी उपास मोडत नाही

दवाखान्यात मिळणाऱ्या लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपासाच्या दिवशी बऱ्याच बायका सोडून देतात. "गोळी म्हणजे अन्नच" असा समज असतो. बीपीची, थायरॉइडची, झटक्याची गोळी किंवा इन्सुलिन एक दिवस चुकलं तरी फरक पडतो. लोहाची गोळी दूध किंवा चहाबरोबर घेऊ नये, त्यानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांच्यात किमान दोन तास जाऊ द्यावेत.

राहिला धर्माचा प्रश्न. व्रतांच्या जुन्या नियमांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं सांगितलेलं आहे. गुरूच्या आज्ञेनं काही खाल्लं तरी मोडत नाही, हेही त्यातच येतं. कमलाकर भट्टांचा निर्णयसिंधु १६१२ सालचा आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० सालचा. महाराष्ट्रातले जुने पुरोहित व्रताचा निर्णय याच ग्रंथांवरून देत आले. गर्भवती, बाळंतीण, आजारी यांच्यासाठी सवलत आणि प्रतिनिधीकडून व्रत करवून घेण्याची सोय या परंपरेत मान्य आहे. नवरा, बहीण, भाऊ असं कुणीही तिच्या वतीनं उपास करू शकतं, पूजा तिनं करायची. सासूबाईंनी किंवा नवऱ्यानंच "तुझा उपास या वर्षी मी धरतो" म्हटलं, तर सुनेच्या मनातली भीतीही जाते. मुस्लिम घरांतही हीच वाट आहे. रमजानचे रोजे गर्भवतीनं, स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची काळजी वाटत असेल तर, न धरण्याची मुभा आहे. ते पुढे भरून काढता येतात किंवा मौलानांना विचारून गरिबाला जेवण देता येतं. रोजा धरायचाच असेल तर हेच पाच रकाने पाहावेत आणि सहरी चुकवू नये.

उपास तिथेच सोडायचा, अशा खुणा

उपास चालू असताना शरीर खुणा देतं. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा तासांत झालीच नाही, उभं राहताना घेरी आली, डोकं ठणकायला लागलं, हात थरथरले, घाम सुटला, दोनदा उलटी झाली, तर त्याच क्षणी उपास सोडावा. चंद्रोदयाची किंवा विसर्जनाची वाट पाहू नये.

सोडतानाही घाई करू नये. आधी घोट-घोट साखर-मीठ-लिंबाचं पाणी किंवा ओआरएस घ्यावं. मग केळ किंवा दूध, आणि अर्ध्या तासानं दही-भात. एकदम पोटभर तळलेलं खाल्लं तर उलटी होऊन सगळं बाहेर पडतं. पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडून अर्ध्या-एक तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठावा.

काही खुणांत मात्र अर्धा तासही थांबायचं नाही. पोट राहून राहून घट्ट होऊन दुखणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, डोळ्यांपुढे चमकणं, झटका येणं, श्वास जोरात चालणं, सिकलसेलच्या बाईला छाती किंवा हाडं दुखणं, यात लगेच निघायचं.

बाळाची हालचाल हीसुद्धा मोठी खूण आहे. सातव्या महिन्यानंतर आईला बाळाची सवय माहीत झालेली असते. उपासाच्या दिवशी ते कमी हलतंय असं वाटलं तर पाणी आणि काही गोड घेऊन डाव्या कुशीवर शांत पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत १० हालचाली भरल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा स्पष्टच कमी वाटल्या, तर "उपासानं दमलं असेल, उद्या पाहू" असं म्हणू नये. त्याच रात्री दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्यावेत.

कुठे विचारायचं

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. सण ज्या महिन्यात आहे त्याच्या आधीच्या ९ तारखेला कार्ड घेऊन जावं आणि सरळ विचारावं, "अमुक उपास आहे, इतके तास आहे, पाणी चालतं किंवा चालत नाही, मी धरू का?" नुसतं "उपास धरू का" असं विचारलं तर डॉक्टरही नुसतं "नको" म्हणून मोकळे होतात. तास आणि प्रकार सांगितला तर उत्तरही नेमकं मिळतं.

अडचण आली तर गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा. जवळच्या आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलं तर वर्धा रोडवर मिहानचं एम्स आहे, आणि नागपुरात मेडिकल आणि बायकांसाठीचं डागा रुग्णालय आहे. निघताना कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि सिकलसेलचा रिपोर्ट सोबत ठेवावा. शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं तेही डॉक्टरांना सांगावं. उपास होता हे लपवू नये. साखर, कीटोन आणि अंगातलं पाणी आधी तपासायचं की दुसरं काही, हे त्यांना त्यावरूनच कळतं.